पाणी बंदची सूचना



आज आपण एक सूचना वाचायची आहे. आपली वाडी नगरपालिकेच्या हद्दीत आल्यापासून नळकोंडाळ्याजवळच्या फळ्यावर अशा सूचना लागतात. पाणी कधी बंद राहणार ते त्यात लिहिलेले असते. चार ओळींचा कागद. पण तो नीट लिहिला नाही किंवा नीट वाचला नाही, तर काय होते ते आधी सांगतो.

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. फळ्यावर लिहिले होते, "दि. २२ रोजी रात्री १२ पासून २४ तास पाणी बंद राहील." आम्ही जन्मभर मुलांना वाचायला शिकवले. आम्हीच ती सूचना सगळ्यांना वाचून दाखवली आणि म्हणालो, "बावीस तारखेला सकाळी नेहमीप्रमाणे पाणी येईल. ते भरून ठेवा. तेवीसला येणार नाही."

बावीसला सकाळी ६ वाजता बाया हंडे घेऊन आल्या. नळाला टिपूसही नव्हता! एका घरी आठ दिवसांची बाळंतीण होती. तिच्या सासूने मळ्यातल्या विहिरीवरून दोन घागरी आणल्या. ते पाणी गढूळ. गाळून, उकळून वापरावे लागले. आजी आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच वाचलं होतं ना?" आम्ही काय उत्तर देणार?

आम्ही कचेरीत गेलो. तिथला कारकून भला माणूस. तो म्हणाला, "गुरुजी, घड्याळाच्या हिशेबाने रात्री १२ वाजता तारीख बदलते. बावीस तारीख सुरू होते तेव्हाचे १२ आम्ही लिहिले." म्हणजे सोमवारची रात्र! आपण मात्र सूर्य उगवला की दिवस मोजतो. बावीसची रात्र म्हणजे बावीसचा दिवस मावळल्यावरची. दोघांचेही बरोबर, आणि पाणी नाही ते नाहीच. आम्ही त्याला सांगितले, "बाबा रे, रात्री १२ हा शब्दच लिहू नकोस. वार लिही आणि सकाळ की संध्याकाळ तेही लिही."

त्याने ते मनावर घेतले. मे महिन्यात लागलेली सूचना आम्ही उतरवून घेतली. ती अशी:

"नागरिकांस विनंती. मुख्य नळ गळत असल्याने तो दुरुस्त करावयाचा आहे. त्यामुळे मंगळवार दि. १३ मे २०२५ रोजी सकाळी ९ पासून बुधवार दि. १४ मे २०२५ रोजी सकाळी ९ पर्यंत पाणी बंद राहील. ही सूचना मारुती मंदिरापासून वेशीपर्यंतच्या घरांसाठी आहे. मंगळवारी सकाळी ६ ते ७ नेहमीप्रमाणे पाणी येईल. बुधवारी सकाळी येणार नाही. बुधवारी ७ ते ९ मारुती मंदिराजवळ टँकर उभा राहील. गुरुवारी पाणी येईल, पण कमी दाबाने. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

खाली चौकशीसाठी दूरध्वनी क्रमांकही होता.

आता वाचताना बोट ठेवून पाहा. आपले घर मंदिर ते वेस यांच्या आत आहे का? नसेल तर ही सूचना आपल्यासाठी नाही. मग वार आणि तारीख जुळतात का ते दिनदर्शिकेत पाहा. जुळत नसतील तर कचेरीत विचारा. शेवटी आपली पाळी कोणती बुडते ते पाहा. बंद २४ तासांचे असले, तरी मंगळवारी ७ नंतर थेट गुरुवारी ६ ला पाणी. म्हणजे जवळजवळ दोन दिवस काढायचे आहेत. पिणे, स्वयंपाक आणि हातपाय धुणे यांना माणशी रोज १५ लिटर धरा. एक मोठा हंडा साधारण तेवढाच. घरात पाच माणसे असली तर दोन दिवसांना दहा हंडे. कपडे धुणे पुढे ढकला.

गुरुवारी दाब कमी का? नळ रिकामे झालेले असतात. आधी ते भरतात, उंच टाकी भरते, मग पाणी आपल्याकडे येते. चढावरच्या घरांना सर्वांत उशिरा. कोणी नळाला मोटार लावून पाणी ओढू नये. दाब नसताना नळाच्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि चढावरच्यांचे पाणी तुटते ते वेगळेच.

पहिले पाणी बहुधा लालसर किंवा गढूळ येते. ते सांडून देऊ नका, झाडांना घाला. नंतरचे पाणी स्वच्छ दिसले, तरी त्या दिवशी प्यायचे पाणी खळखळ उकळूनच घ्या.

आणि पाणी बंद असताना नळाची तोटी फिरवून पाहिलीत, तर ती परत घट्ट बंद करा. गेल्या खेपेला कोंडाळ्यावरची एक तोटी उघडीच राहिली आणि आलेले पाणी उजाडेपर्यंत गटारात वाहत होते.