तपासणीचे बिल आणि दाखल होण्याची तारीख
(वार्षिक सभेत केलेले निवेदन)



विम्याचे हप्ते नियमित भरूनही एमआरआयचे पैसे का मिळत नाहीत, हा प्रश्न आमच्या बिलांच्या खिडकीवर वारंवार येतो. सर्वसाधारण आरोग्य विमा रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा असतो. तपासणी त्यात त्या उपचारांचा भाग म्हणूनच बसते.

२०२० पासून सर्वत्र उपलब्ध असलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीचे उदाहरण घेऊ. दाखल होण्यापूर्वीचे ३० दिवस व घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस, या मुदतीतील त्याच आजाराचा खर्च तीत मान्य होतो. समजा, कंबरदुखीच्या रुग्णाने २० जूनला मिरजेस एमआरआय केला. औषधांनी गुण आला, तर तो खर्च घरचाच. १२ जुलैला मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्यास अंतर २२ दिवसांचे. एमआरआयचे बिलही दाव्यात जाते. मात्र कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढून वाडीचा रस्ता बंद झाला आणि दाखल होणे ५ ऑगस्टवर गेले, तर अंतर ४६ दिवसांचे होते. मग शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, एमआरआयचे नाहीत.

अशा वेळी नातेवाईक म्हणतात, "एक रात्र दाखल करून घ्या, म्हणजे झाले." आम्ही नकार देतो, तो आडमुठेपणाने नव्हे. केवळ तपासणीसाठी दाखल होणे विमा नियमांनी स्पष्टपणे वगळले आहे. कंपनीचे डॉक्टर केसपेपर मागवितात; त्यात सलाईन नाही, इंजेक्शन नाही, घरी घेता येतील अशा गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज, एवढेच दिसते. दावा नामंजूर होतो आणि खोलीभाड्याचा भुर्दंड वर पडतो.

कर्करोगाच्या चाचण्यांत हा नियम अधिक जाचक ठरतो. कोणतीही तक्रार नसताना केलेल्या मॅमोग्राफीचा अहवाल निर्दोष आला, तर दाखल होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून पैसेही नाहीत. गाठ निघून मुदतीत शस्त्रक्रिया झाली, तर तेच बिल दाव्यात मांडता येते. वेळीच तपासणी करणाऱ्या भगिनीलाच खर्च सोसावा लागतो, हे आम्हांस रुचत नाही. परंतु करारच तसा आहे. शासकीय आरोग्य केंद्रांत तिशीनंतर तोंड, स्तन व गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी विनामूल्य होते, ती अवश्य करून घ्यावी. तेथे स्तनांची तपासणी हाताने होते. पुढील मॅमोग्राफीचा खर्च राहतोच.

हाच खर्च देणगीतून उचलता यावा, अशी आमची विनंती आहे. देणगीदारांनी पावतीवर 'तपासणी सहाय्य' असे लिहून घ्यावे, म्हणजे ती रक्कम स्वतंत्र ठेवता येईल. रुग्णांच्या कुटुंबीयांनी एमआरआय करताना डॉक्टरांची तारखेसह चिठ्ठी, मूळ बिल, पैसे भरल्याची पावती आणि अहवाल एकत्र जपून ठेवावेत. शस्त्रक्रियेची तारीख ठरविताना बिलावरील तारीख आमच्या कार्यालयास दाखवावी. दिवस आम्ही मोजून देऊ.