पुठ्ठ्याची प्रतिकृती आणि पडद्यावरची

(व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वास्तुरचनेत हाताने केलेली अभ्यास-प्रतिकृती केव्हा उपयोगी आणि संगणकातील त्रिमित प्रतिकृती केव्हा अधिक उपयोगी, असा विषय पत्रिकेत छापला आहे. परंतु मी पुठ्ठ्याच्या पक्षाचा मनुष्य आहे हे या सभागृहातील बहुतेकांस विदित असल्यामुळे, निवाडा कोणीकडे झुकणार याविषयी फारशी उत्कंठा उरली असेल असे वाटत नाही. (हशा) पुढच्या रांगेतील तरुण वास्तुविशारदांच्या मुद्रा पाहता, ते बचावाची कैफियत तयार करूनच आलेले दिसतात. तेव्हा आरंभीच खुलासा करतो की संगणक माझ्याही कचेरीत आहेत, आणि त्यांचे वीजबिल मीच भरतो.

नकाशा, छेद आणि दर्शनी चित्र म्हणजे काय, हे आपण जाणताच. त्यात वेळ घालवीत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की प्रतिकृती ही इमारतीची छोटी आवृत्ती नसून इमारतीला विचारलेला एक प्रश्न असते, आणि त्या प्रश्नाचा विषय लहान केल्यावर आपला स्वभाव टिकवून धरतो की नाही, यावर पुठ्ठा की पडदा हे ठरते. एकास शंभर या प्रमाणात दोन मिलिमीटर जाडीचा माउंटबोर्ड म्हणजे वीस सेंटिमीटरची भिंत, म्हणजे आपली नऊ इंची भिंत जवळजवळ आलीच. तो कापताना भिंत किती जागा खाते हे बोटांना आपोआप कळते. त्या आकारात दाराच्या कडीचा विचार करूच म्हटले तरी करता येत नाही, आणि आरंभीच्या अवस्थेत तो करू नये हेच योग्य. पडद्यावर मात्र प्रमाण नावाची वस्तूच नाही. बोटाच्या एका हालचालीने अख्खी इमारत मुठीएवढी होते आणि दुसऱ्या हालचालीने कडीचा स्क्रू डोळ्यांपुढे येतो. परिणामी जिन्याची जागा निश्चित होण्यापूर्वी कठड्याची नक्षी पक्की होऊन बसते. हे मी अनेक कचेऱ्यांत पाहिले आहे, आणि माझी कचेरी त्यास अपवाद नाही.

आता एक दाखला सांगतो. तो थोडक्यात आटोपण्याचा विचार आहे. म्युनिकच्या 1972 च्या ऑलिंपिक क्रीडांगणावरील तंबूसारखे पारदर्शक छप्पर आपण छायाचित्रांत पाहिले असेल. गुंटर बेनिश यांच्या मंडळीने 1967 मध्ये स्पर्धेसाठी जी प्रतिकृती पाठविली, तिच्यावरचे छप्पर स्त्रियांच्या नायलॉनच्या मोज्यांचे होते. काड्यांवर मोजा ताणून बसविला आणि कल्पना सिद्ध झाली. पुढे हे काम फ्राय ऑटो यांच्याकडे आले. ऑटो हे ताणलेल्या जाळ्यांचे आणि साबणाच्या पापुद्र्यांचे पंडित. दोऱ्यांच्या चौकटीवर धरलेला साबणाचा पापुद्रा स्वतःहून असा आकार घेतो की त्याच्या प्रत्येक बिंदूवर ताण सारखा राहतो, आणि हा आकार टीचभर चौकटीत जसा येतो तसाच मैदानाएवढ्या चौकटीतही गणिताने तोच असतो. कारण तो आकार ताणाच्या परिमाणावर नव्हे, तर ताणांच्या परस्पर समतोलावर अवलंबून आहे. सबब, छपराचा आकार शोधण्यास प्रतिकृतीहून चांगला सल्लागार नव्हता. बारीक तारांची, एकास एकशेपंचवीस प्रमाणाची प्रतिकृती तयार झाली. तारांतील ताण मोजले गेले. भार टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर एकाच काचेवर दोनदा छायाचित्र घेऊन जाळे किती हलते ते पाहिले गेले.

येथवर पुठ्ठ्याच्या पक्षाचा विजय. (टाळ्या) थांबा, टाळ्यांची घाई करू नका.

प्रश्न बदलला तेव्हा पंचाईत झाली. छप्पर सुमारे पंचाहत्तर हजार चौरस मीटरचे, पोलादी दोरांच्या जाळ्याचे, आणि जाळ्याची घरे 75 सेंटिमीटरची. आता आकार काय हे विचारायचे नव्हते. कारखान्यात प्रत्येक दोर किती लांबीचा तोडायचा हे विचारायचे होते. प्रतिकृतीवर डोळा अर्धा मिलिमीटर चुकला, तर जागेवर ती चूक साठ मिलिमीटरहून अधिक होते. आणि पोलादाचा दोर काम करावयास लागेपर्यंत किती ताणला जातो? लांबीच्या हजारांशी काही अंश. म्हणजे 75 सेंटिमीटरच्या घरात दोनतीन मिलिमीटर. जेथे दोनतीन मिलिमीटरांनी दोर ताठ की सैल हे ठरते, तेथे साठ मिलिमीटरांची चूक घेऊन गेलेला इसम एका दोराला लोंबता ठेवील आणि शेजारच्यावर दुप्पट भार टाकील. 1967 च्या माँट्रियल प्रदर्शनातील जर्मन दालनाचे जाळे प्रतिकृतीवरूनच उभे राहिले होते. म्युनिकच्या विस्ताराला ती पद्धत पुरी पडेना. तेव्हा श्टुटगार्टचे क्लाउस लिंकविट्झ, जे मूळचे भूमापनशास्त्राचे प्राध्यापक, ते आणि त्यांचे सहकारी या कामी लागले. योहान आर्गिरिस हेही आपल्या पद्धतीने त्याच कोड्यात पडले होते. लिंकविट्झ यांच्या मंडळीची युक्ती अशी की प्रत्येक दोरखंडातील ताण आणि त्याची लांबी यांचे गुणोत्तर आधीच ठरवून टाकावे. तसे केले की समतोलाची अवघड समीकरणे एकदम सरळ होतात, आणि हजारो गाठींची स्थाने यंत्र एका दमात काढून देते. म्हणजे संगणक येथे चित्र काढावयास आलाच नव्हता. तो मापे द्यावयास आला होता, आणि आला तोही मोज्याने व तारेने आकार हाती दिल्यानंतर.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे: "दहा मिनिटे." पुठ्ठा कापताना माझा हात इतका हळू चालत नाही, तो बोलताना का चालतो कोण जाणे. (हशा) प्रकाशाविषयी जे सविस्तर सांगावयाचे होते ते थोडक्यात सांगतो.

प्रकाशाला लहानमोठेपणाचे सोयरसुतक नाही. एकास वीस प्रमाणाची खोली करून, आत भिंतींचा खरा रंग देऊन ती उघड्या आकाशाखाली धरली आणि छिद्रातून डोळा लावला, तर आत दिसणारा उजेड हा खऱ्या खोलीतलाच उजेड असतो. मात्र पांढऱ्या पुठ्ठ्यातून उजेड झिरपतो आणि सांध्यांतून चोरून आत शिरतो. म्हणून बाहेरून काळा कागद चिकटवावा. खिडकी हाताने झाकल्यावर आत मिट्ट अंधार झाला नाही, तर प्रतिकृती खोटी साक्ष देत आहे असे समजावे. उलट, समोरच्या बारा मजली इमारतीमुळे आपल्या खिडकीत वर्षभरात ऊन किती तास येईल, हा प्रश्न पुठ्ठ्याला विचारणे म्हणजे त्याचा छळ आहे; तो हिशेब संगणकाने करावा, आणि तो उत्तम करतो. तरुण मित्रहो, ही माझी कबुली वृत्तांतात अवश्य नमूद करा.

आपल्यापैकी पुष्कळांच्या सोसायट्यांचा पुनर्विकास चालू आहे, आणि विकासकाच्या दफ्तरात मोठ्या पडद्यावर नव्या सदनिकेतून फिरवून आणण्याची तजवीज असते. तो आभासी कॅमेरा बहुधा रुंद कोनाचा असतो. त्यामुळे दहा बाय बाराची खोली दिवाणखान्याएवढी भासते, आणि आतला पलंगही कधीकधी खऱ्याहून आखूड असतो. अशा वेळी दोन गोष्टींचा आग्रह धरावा, ही माझी विनंती आहे. उन्हाचा आणि सावलीचा वर्षभराचा तक्ता संगणकावरून काढून मागावा. आणि एकास पन्नास प्रमाणाची, छप्पर उचलता येईल अशी पुठ्ठ्याची सदनिका मागावी; तिच्यात आपल्याच घरातील कपाट व पलंग मापून, त्याच प्रमाणात कापून, आपल्या हाताने ठेवून पाहावेत. दार उघडताना पलंगाला अडले, तर करारावर सही करू नये.