हसली म्हणजे काय?



सकाळपासून जुन्या खोड्यांची उजळणी चालू आहे. कोणाची जोडी कोणाशी लावली होती, तेही निघालं आणि आपण पोट धरून हसलो. त्यातली एक जोडी माझी होती. त्याबद्दल तिची परवानगी घेऊन बोलतोय. नाव मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

दहावीत ती मांजरसुंब्याकडून येणाऱ्या एसटीने चौसाळ्याला यायची. गाडीला उशीर झाला की तिचा गणिताचा तास बुडायचा, मग ती माझी वही न्यायची. एका सकाळी फळ्यावर आमची दोघांची नावं आणि मध्ये अधिकचं चिन्ह! ती वर्गात आली, फळा पाहिला, लाल झाली, हसली. "काहीतरीच काय!" म्हणाली आणि डस्टर घेऊन स्वतः पुसून टाकलं. मधल्या सुट्टीत मित्रांनी निकाल दिला, "हसली म्हणजे फसली." मला तो निकाल फार आवडला. म्हणून मी कोणाला थांबवलं नाही.

पुढचे पंधरा दिवस चिडवलं की ती हसायची, आणि मी तेवढंच मोजलं. जे मोजलं नाही ते आज सांगतो. हसताना ती माझ्याकडे बघत नव्हती. आधी मुलींच्या बाकांकडे बघायची, मग दाराकडे. वही ती आता मैत्रिणीकरवी मागवायची आणि नंतर तेही थांबलं. स्टँडवर तिच्या गावची माणसं असायची. तिथं मी दिसलो की ती पाठ फिरवून उभी राहायची. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे, त्याच दिवसांत कोणीतरी तिला दुसऱ्याच मुलाच्या नावानं चिडवलं, तेव्हाही ती अगदी तशीच लाल झाली आणि तशीच हसली. म्हणजे ती लाली माझ्या नावाची नव्हती. चिडवण्याची होती.

चार्ल्स डार्विननं 1872 साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना कशा दिसतात यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात लाजून लाल होण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्याचं म्हणणं असं, की लोक आपल्याविषयी काय विचार करत असतील, या विचारानं माणूस लाल होतो. मग चाळीस पोरं एकदम वळून बघायला लागली तर प्रेम असो, राग असो की भीती, चेहरा लाल होऊ शकतो. त्यावरून यातलं नेमकं काय ते कळत नाही.

आपला ग्रुप झाल्यावर मी तिला धीर करून विचारलं. ती म्हणाली, "हसले नसते तर रडले असते. रडले असते तर गोष्ट घरी गेली असती, आणि घरी गेली असती तर माझी शाळा बंद झाली असती." थोडं थांबून म्हणाली, "तुझ्याशी बोलायला मात्र मला आवडायचं. तेच तुम्ही बंद पाडलं."

मित्रांनो, तिचं वागणं दुटप्पी नव्हतं. ती एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टींना उत्तर देत होती. एक मी, आणि दुसरी आपली सगळ्यांची गर्दी. मी गर्दीला दिलेलं उत्तर माझ्या नावावर जमा केलं.

गर्दी नसताना काय होतं, ते बघायला हवं होतं. चिडवणं सुरू होण्याआधी ती जितकं बोलायची, तितकं नंतरही एकटी असताना बोलते का? वाट बदलते का? अर्थात एकांतातल्या बोलण्यातही नुसता चांगुलपणा असू शकतो, म्हणून तेवढ्यावरही निकाल लावता येत नाही. मी तिला एकच साधा प्रश्न विचारायला हवा होता, "हे बंद करायला मी पोरांना सांगू का?" प्रेमाची कबुली मागितली असती तर ती कोंडीत सापडली असती. या प्रश्नाला नुसतं "हो" म्हणणं सोपं होतं. ती "हो" म्हणाली असती म्हणजे मी तिला नकोसा होतो, असंही नाही. चिडवणं थांबल्यावर वही पुन्हा मागायला आली असती, तर मला काहीतरी खरं कळलं असतं.

तिनं शाळा सोडली नाही, बोर्डात माझ्यापेक्षा जास्त मार्क घेतले. पण गणिताचे बुडालेले तास तिनं त्या वर्षी एकटीनं भरून काढले. तेवढा भार आपण तिच्यावर टाकला. आपण म्हणतोय, पण फळ्यावरचं पुसायला पुढं व्हायला हवं होतं ते मी. डस्टर माझ्याच बाकाजवळ होतं.