रंगांधळेपणा व डोळ्यातील शंकुपेशी



चित्रकलेच्या तासाला एखादा मुलगा झाडाची पाने तपकिरी रंगवितो. रागावल्यास तो गोंधळतो. कारण हिरवा व तपकिरी हे दोन्ही खडू त्याला जवळजवळ सारखेच दिसतात. हा हूडपणा नव्हे. हा रंगांधळेपणा असू शकतो.

डोळ्याच्या आतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, शंकूच्या आकाराच्या सुमारे साठ लाख पेशी असतात. त्यांचे प्रकार तीन. एक प्रकार प्रकाशातील निळ्या भागाला, दुसरा हिरव्या भागाला, तर तिसरा पिवळ्या-तांबड्या भागाला अधिक प्रतिसाद देतो. मात्र एकटी शंकुपेशी रंग ओळखू शकत नाही. आपल्याकडे प्रकाश किती पोहोचला, एवढेच ती कळविते. तिन्ही प्रकारांच्या संदेशांची तुलना झाली म्हणजेच रंग उमगतो. एक प्रकार नसला किंवा सदोष असला, की ही तुलना अपुरी पडते.

इंग्लंडमधील जॉन डाल्टन हे रसायनशास्त्रज्ञ स्वतः शिक्षक होते. जिरेनियमचे गुलाबी फूल त्यांना दिवसा आकाशासारखे निळे दिसे, तर मेणबत्तीच्या उजेडात तांबडे. त्यांच्या भावालाही तसेच दिसे. इतरांना मात्र फारसा फरक जाणवत नसे. 1794 मध्ये त्यांनी यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता. 1844 मध्ये त्यांच्या निधनानंतर डोळा तपासला, तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या अंशावरून 1995 मध्ये उलगडा झाला : हिरव्या भागाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशींचे रंगद्रव्यच त्यांच्या ठायी नव्हते. त्यामुळे उरलेल्या दोनच प्रकारांची तुलना होई. दिवसाच्या उजेडात निळा अंश पुष्कळ, म्हणून फूल निळे. मेणबत्तीच्या उजेडात तो अत्यल्प, म्हणून तांबडे.

हा दोष बहुधा जन्मजात असतो. त्याचे बीज एक्स गुणसूत्रावर असते. मुलांजवळ हे गुणसूत्र एकच व मुलींजवळ दोन असल्याने तो मुलांत अधिक आढळतो. आजोबांचा दोष, आईला काही न जाणवता, नातवात उतरू शकतो.

“पानाचा रंग कोणता?” असे विचारून हा दोष उघड होत नाही, पान हिरवे असते हे मूल ऐकून शिकलेले असते. त्याऐवजी रंगीत लोकरीचे लहान तुकडे मिसळून समोर ठेवावेत आणि एका हिरव्या तुकड्याशी जुळणारे सर्व तुकडे, नाव न सांगता, निवडण्यास सांगावे. त्यांत तपकिरी व करडे तुकडे वारंवार आले, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. निदान त्यांनीच करावयाचे.

जन्मजात दोषावर आज रूढ उपचार नाही. पण अक्षरे वाचण्याची दृष्टी सहसा उत्तम असते. अशा मुलाच्या खडूंवर रंगांची नावे लिहावीत, काळ्या फळ्यावर तांबड्या खडूऐवजी पांढरा वापरावा आणि नकाशातील प्रदेश रंगाबरोबरच रेघांनी व ठिपक्यांनीही वेगळे दाखवावेत. तपकिरी पानांसाठी गुण मात्र कापू नयेत.