पक्षाघातानंतरचे कामजीवन

पक्षाघातानंतर, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन शरीराची एक बाजू दुर्बळ झाल्यावर, कामेच्छा मंदावणे किंवा पुरुषाच्या लिंगाला ताठरता न येणे सर्रास आढळते. त्यामागे मेंदूची इजा, थकवा आणि नैराश्य यांच्याइतकीच रक्तदाबावरील किंवा नैराश्यावरील काही औषधेही असू शकतात, मात्र ती परस्पर थांबवू नयेत, कारण रक्तदाबावरील औषधे थांबवल्यास पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो, म्हणून पर्यायी औषधाविषयी डॉक्टरांनाच विचारावे. समागमामुळेच दुसरा झटका येईल ही भीती बहुधा अवाजवी असते. प्रकृती स्थिर असून दोन जिने धाप न लागता चढता येत असतील, तर ते श्रम साधारणतः झेपतात.

उदाहरणार्थ, पतीची उजवी बाजू दुर्बळ असेल आणि खांदा दुखत नसेल, तर त्याने उशांच्या आधाराने उजव्या कुशीवर निजावे, जेणेकरून डावा हात मोकळा राहतो. संवेदना हरपलेल्या बाजूऐवजी पत्नीने डाव्या बाजूने स्पर्श करावा आणि थकवा कमी असलेली सकाळची वेळ निवडावी. ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, कारण छातीदुखीवरील नायट्रेट औषधांसोबत ती घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो.