निधीचा हिशेब : निवेदनात काय सांगावे?

(खारघर येथे मंदिर-सेवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



निधीसंकलनाचे निवेदन ध्वनिक्षेपकावरून आणि भ्रमणध्वनीवरील सेवकांच्या वाहिनीवरून एकाच वेळी जाणार आहे. ते करताना २०२१ चे श्रीराम मंदिर निधी समर्पण अभियान डोळ्यांसमोर ठेवावे. १५ जानेवारी ते २७ फेब्रुवारी या काळात कार्यकर्ते घरोघरी गेले. त्यांच्या हाती १०, १०० आणि १००० रुपयांची छापील कुपने होती. २००० रुपयांहून अधिक रकमेसाठी पावती होती. जमा झालेला निधी न्यासाच्या बँक खात्यांत भरला जात होता.

कुपनाचे मर्म असे, की वाटपापूर्वीच प्रत्येक कागदाचे मूल्य ठरलेले असते. समजा, एका सेवकाला १० रुपयांची ५० आणि १०० रुपयांची ५० कुपने दिली. एकूण मूल्य ५५०० रुपये. सायंकाळी त्याने १० ची १२ आणि १०० ची ९ कुपने परत केली, म्हणजे १०२० रुपयांची. बँकेत ४४८० रुपयेच भरले गेले पाहिजेत. ४३८० भरले, तर १०० रुपयांचा शोध घ्यावा लागेल. परंतु ४५८० भरले, तरी समाधान मानू नये. कोणा भाविकाचे १०० रुपये घेतले आणि त्याला कुपन दिलेच नाही, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. हा ताळा त्याच सायंकाळी घालावा. आठवडा उलटला की कोणाला काही आठवत नाही.

खारघरच्या सोसायट्यांत आता पुष्कळजण भ्रमणध्वनीवरूनच पैसे देतात. तेथे कुपनाचा पहारा नसतो. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस, राममंदिराच्या नावे बनावट क्यूआर संकेत पाठवून पैसे उकळले जात असल्याचा इशारा विश्व हिंदू परिषदेला द्यावा लागला होता. म्हणून निवेदन असे असावे :

"भक्तजनहो, हा निधी केवळ सभामंडपाच्या दुरुस्तीसाठी आहे. रोख रक्कम दिल्यास कुपन अथवा पावती अवश्य घ्यावी. भ्रमणध्वनीवरून देताना पडद्यावर न्यासाचेच नाव दिसते ना, हे आधी पाहावे. अन्य नाव दिसल्यास पैसे पाठवू नयेत. आयकरात सवलत हवी असणाऱ्यांनी २००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने देऊ नये, तशी सवलत मिळत नाही. दिलेली कुपने, परत आलेली कुपने आणि बँकेतील भरणा यांचा तक्ता दररोज रात्री फलकावर लागेल."

एक मर्यादा मात्र ध्यानी असावी. या ताळ्यातून पैसा बँकेत पोहोचला एवढेच सिद्ध होते; तो सभामंडपावरच खर्च झाला, हे नाही. त्यासाठी कंत्राटदाराची देयके आणि लेखापरीक्षकाचा अहवालही त्याच फलकावर लागला पाहिजे. तोवर निवेदनातील पहिले वाक्य हे आपण भाविकांना दिलेले वचनच राहते.