सोनोग्राफीत गर्भ दिसला नाही, मग तो कुठे आहे?



पाळी चुकली, आशाताईंनी दिलेल्या निश्चय किटवर दोन रेघा आल्या, आणि चार-पाच दिवसांत सोनोग्राफी केली तर डॉक्टर म्हणाले, "पिशवीत अजून काही दिसत नाही." रिपोर्टवर लिहिलेलं असतं 'प्रेग्नन्सी ऑफ अननोन लोकेशन'. काही ठिकाणी नुसतं 'पीयूएल' लिहितात. घरी आल्यावर सासूबाई विचारतात, "दिवस आहेत की नाहीत, एक काय ते सांग." बाईला उत्तर देता येत नाही, कारण त्या दिवशी ते डॉक्टरांकडेही नसतं. आज आपण याच रिपोर्टबद्दल बोलू.

या शब्दांचा साधा अर्थ असा, की दिवस गेलेले आहेत, पण गर्भ नेमका कुठे रुजलाय ते अजून दिसलेलं नाही. हे आजाराचं नाव नाही. शोध अजून चालू आहे, एवढंच ते सांगतं. 'दिसत नाही' आणि 'नाही' हे दोन वेगळे शब्द आहेत, ते मनात पक्के वेगळे ठेवा.

आता दिसत का नाही? पाळी चुकते तेव्हा शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून साधारण चार आठवडे झालेले असतात. किटवर रेघ तेव्हाच येऊ शकते. पण गर्भाची छोटी पिशवी सोनोग्राफीत दिसायला साधारण पाच आठवडे लागतात, तेही आतून सोनोग्राफी केली तर. पोटावरून केली तर आणखी आठवडाभर जातो. म्हणजे किट 'हो' म्हणतं आणि सोनोग्राफी गप्प बसते, असे काही दिवस मध्ये येतातच. त्यात ज्यांची पाळी पुढेमागे होते, किंवा अंगावर पाजताना ज्यांना दिवस गेले, त्यांचा हिशेब आठ-दहा दिवसांनी सहज चुकतो.

म्हणून डॉक्टर आतून सोनोग्राफी करायला सांगतात. पुष्कळ बायका तिथेच नको म्हणतात. तर ऐका. लघवी करून यायचं, आणि बोटासारखी बारीक नळी, वर निरोध चढवलेली, योनीमार्गातून थोडी आत घेतात. गर्भाला त्याने धक्का लागत नाही. सोबत बाई हवी असेल तर तसं सांगा, तो तुमचा हक्क आहे. पोटावरून न दिसलेलं कितीदा तरी यात दिसतं आणि प्रश्न तिथेच मिटतो.

त्यातही दिसलं नाही, तर तीन शक्यता उरतात. पहिली, गर्भ पिशवीतच आहे, पण फार लहान आहे. दुसरी, गर्भ रुजला होता, पण वाढला नाही आणि आपोआप पडतोय. तिसरी, गर्भ पिशवीबाहेर, बहुतेक वेळा गर्भनलिकेत रुजलाय. बहुतेक बायका पहिल्या दोन गटांत निघतात. दहापैकी एखाद-दुसरीच्या बाबतीत गर्भ नळीत निघतो. पण नळी बोटापेक्षाही बारीक. तिथे गर्भ वाढला तर ती फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. त्या एकीसाठी सगळ्यांवरच नजर ठेवावी लागते.

ही नजर ठेवतात रक्ताच्या तपासणीने. तिचं नाव बीटा एचसीजी. गर्भ रुजला की हा पदार्थ रक्तात उतरतो. किटवर रेघ येते ती यामुळेच, पण किट फक्त आहे की नाही एवढं सांगतं, आणि रक्ताची तपासणी किती आहे ते सांगते. ही तपासणी दोनदा करायची असते, मध्ये ४८ तास सोडून. आकडा किती आला यापेक्षा दोन दिवसांत तो कुठे गेला, ते महत्त्वाचं.

समजण्यासाठी तीन बायका घेऊ. एक नेरळची, एक खोपोलीची, एक कशेळ्याजवळच्या वाडीतली. तिघींची सोनोग्राफी सारखीच, काही न दिसलेली. तिघींचा सोमवारचा आकडाही एकच, ६४०. आज तिघींना कुणीही वेगळं ओळखू शकणार नाही.

बुधवारी पुन्हा रक्त दिलं. नेरळच्या बाईचा आकडा ११५० आला. दोन दिवसांत ६३ टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर गर्भ बहुधा पिशवीतच वाढतोय, असं डॉक्टर धरतात. ६४० च्या हिशेबाने म्हणजे साधारण १०४० च्या वर. तिला एक ते दोन आठवड्यांत पुन्हा सोनोग्राफीला बोलावतील. पण वाढ चांगली आली म्हणून सोनोग्राफी टाळायची नाही. नळीतल्या गर्भाचा आकडाही कधीकधी असाच वाढतो. गर्भ पिशवीत डोळ्यांनी दिसला की मगच खात्री.

खोपोलीच्या बाईचा आकडा २४० वर उतरला. निम्म्याहून खाली गेला, म्हणजे गर्भ बहुधा वाढत नाही, तो आपोआप जाईल. तिला वाईट वाटणारच. पण तिने काही खाल्ल्याने किंवा हंडा उचलल्याने हे झालेलं नाही, हे घरच्यांनाही कळू दे. तिला दोन आठवड्यांनी पुन्हा किटवर लघवी तपासायला सांगतील. रेघ गेली तर विषय संपला. रेघ तशीच राहिली तर लगेच परत जायचं. आकडा उतरतोय म्हणून पोटातल्या दुखण्याकडे दुर्लक्ष मात्र करायचं नाही.

वाडीतल्या बाईचा आकडा आला ७८०. वाढला, पण पुरेसा नाही. धड वर नाही, धड खाली नाही, अशी ही मधली चाल. इथे डॉक्टर सावध होतात. तिला २४ तासांच्या आत पुन्हा तपासायला बोलावतात, पोट बघतात, ठरेल तसं रक्त आणि सोनोग्राफी पुन्हा करतात. समजा शुक्रवारी आकडा ९०० झाला आणि सोनोग्राफीत उजव्या अंडाशयाशेजारी नळीत छोटी गाठ दिसली. आता जागा सापडली. नळी फुटलेली नाही, दुखणं फारसं नाही, गाठ लहान आहे, तिच्यात ठोके नाहीत, म्हणून मेथोट्रेक्सेट नावाच्या इंजेक्शनने गर्भाची वाढ थांबवता येते. इंजेक्शननंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त द्यावं लागतं, आणि पुढे आकडा पार उतरेपर्यंत दर आठवड्याला. त्या काळात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद, आणि पुढचे तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. इतक्या वेळा येणं जमणार नसेल तर ते आधीच डॉक्टरांना सांगा. मग दुर्बिणीचं ऑपरेशन जास्त सुरक्षित ठरतं.

गटांच्या बैठकीत बायका विचारतात, "मग पहिल्याच दिवशी इंजेक्शन देऊन मोकळं का करत नाहीत?" कारण सोमवारी तिघींचा आकडा एकच होता. त्या दिवशी इंजेक्शन दिलं असतं तर नेरळच्या बाईचा चांगला वाढणारा गर्भ गेला असता. एका आकड्यावर एवढा मोठा निर्णय घ्यायचा नसतो.

दुसरा प्रश्न येतो मेडिकलमधून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांचा. मूल नको असलं तरी, गर्भ कुठे आहे हे कळेपर्यंत त्या स्वतःहून घेऊ नका. नळीतल्या गर्भावर त्या गोळ्या चालत नाहीत. पिशवीतून रक्त जातं, बाईला वाटतं मोकळी झाले, आणि नळीतला गर्भ वाढतच राहतो.

आणि तिसरा, "माझं तर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, मला दिवस कसे जातील?" क्वचित जातात. आणि अशा वेळी गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त असते. तांबी असताना दिवस गेले तरी तसंच. आधी कधी नळीत गर्भ राहिला असेल तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

आता आपल्या भागातली अडचण. दुसरं रक्त द्यायच्या दिवशीच बाई माहेरी गेलेली असते, लावणी चालू असते, किंवा दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर निघालेले असतात. आकड्याची चाल कळली नाही तर पहिल्या तपासणीचा उपयोग नाही. म्हणून पहिलं रक्त देतानाच दुसऱ्याचा दिवस आणि वेळ लिहून घ्या. दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा, कारण वेगवेगळ्या लॅबच्या आकड्यांत फरक पडतो. रिपोर्ट कधी मिळणार ते विचारा, कारण छोटी लॅब नमुना पुढे मोठ्या लॅबला पाठवते. सगळे कागद एका पिशवीत ठेवा. आणि जागा सापडेपर्यंत दवाखान्यापासून लांब, रस्ता बंद होणाऱ्या जागी राहू नका. पावसाळ्यात डोंगरातल्या वाडीपेक्षा कर्जत, चौक, खोपोलीकडच्या नातेवाइकांकडे चार दिवस राहिलेलं बरं.

वाट बघताना काही खुणा दिसल्या तर आकड्यांसाठी थांबायचं नाही. ओटीपोटात एका बाजूला वाढत जाणारं दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम सुटून अंग गार पडणं, परसाकडे लागल्यासारखा सतत दाब. खांदा दुखतो तो पोटात साठलेल्या रक्तामुळे. बाहेरून अंगावरून थोडंच जाईल, म्हणून फसू नका, रक्त आत साठत असतं. दुखायची गोळी देऊन झोपवू नका. १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "दिवस गेलेत, सोनोग्राफीत गर्भ दिसलेला नाही, आता पोटात दुखतंय." रुग्णालयात पोचल्यावरही हेच वाक्य आधी सांगा. त्यावरून डॉक्टरांना लगेच कळतं की रक्त चढवायची आणि ऑपरेशनची तयारी ठेवायची, किंवा तिथे सोय नसेल तर वेळ न घालवता पुढे पाठवायचं.

तुमच्या गटातल्या कुणाला असा रिपोर्ट आला, तर तिला "आहे की नाही" विचारू नका. "दुसरं रक्त कधी द्यायचंय? सोबत कोण जाणार?" एवढं विचारा, आणि कुणी नसेल तर तुम्ही जा.